पहिली पंधरा मिनिटं, पुढचे सहा तास

रक्त लावलेल्या रुग्णाला थंडी वाजून ताप आला, तर तो ताप कशाचा हे थर्मामीटर सांगत नाही. ३८.५ अंश सेल्सिअस हा आकडा गोळी देऊन तासाभरात उतरणाऱ्या तापाचाही असतो आणि रात्रीतून मूत्रपिंड निकामी करणाऱ्या चुकीच्या रक्ताचाही असतो. म्हणून रक्तपेढीला वॉर्डातून फोन आला की पहिला प्रश्न ताप किती हा नसतो. रक्त किती वाजता लावलं, ताप किती वाजता आला आणि तोवर पिशवीतून किती मिली गेलं, हे आधी विचारलं जातं. या तीन उत्तरांत अर्धं निदान असतं. ते का असतं, एवढंच इथे सावकाशीने उलगडायचं आहे.

रक्त चढवल्यावर होणारी बहुतेक प्रत्येक तातडीची प्रतिक्रिया म्हणजे दोन माणसांच्या रक्तातल्या कुठल्यातरी दोन गोष्टींची गाठ पडणं. एक रुग्णाची, एक दात्याची. बहुतेक वेळा त्यातली एक अँटिबॉडी असते आणि दुसरी त्या अँटिबॉडीचं लक्ष्य. अँटिबॉडी कोणी आणली, लक्ष्य कोणी आणलं, आणि गाठ पडल्यावर पुढचं काम रक्तात तयार असलेली प्रथिनं करणार की पेशींना ते आधी तयार करावं लागणार, यावर प्रतिक्रियेला किती वेळ लागेल ते ठरतं. लक्षणांची यादी पाठ करण्यापेक्षा हे लक्षात ठेवणं सोपं आहे, कारण यादी यातूनच निघते.

पिशवीत काय असतं ते आधी पाहू. दात्याकडून घेतलेलं ३५० किंवा ४५० मिली रक्त रक्तपेढीत वेगळं केलं जातं. लाल पेशींची पिशवी, जिला सगळे ‘पॅक्ड सेल’ म्हणतात, प्लाझ्माची पिशवी, प्लेटलेटची पिशवी. पण वेगळं करणं कधीच शंभर टक्के नसतं. पॅक्ड सेलच्या पिशवीत थोडा प्लाझ्मा राहतो आणि गाळणी लावलेली नसेल तर अब्जाच्या घरात पांढऱ्या पेशीही राहतात. रुग्णाला हव्या असतात फक्त लाल पेशी. बाकीचं सामान न मागता येतं, आणि इथे पाहणार आहोत त्या चारपैकी तीन प्रतिक्रिया या न मागितलेल्या सामानाच्या असतात. चौथी मात्र खुद्द लाल पेशींची. तिच्यापासून सुरुवात करू, कारण तिचं घड्याळ सगळ्यांत वेगाने चालतं.

समजा, स्त्रियांच्या वॉर्डात जाधव आडनावाच्या दोन रुग्ण आहेत. एक पंचेचाळिशीच्या, तीन बाळंतपणं झालेल्या, पाळीतल्या जास्त रक्तस्रावामुळे हिमोग्लोबिन सहावर आलेलं, रक्तगट ओ. दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या, रक्तगट ए. रक्तपेढीतून दोघींसाठी एकेक पिशवी येते. दोन्ही पिशव्यांचं क्रॉसमॅच बरोबर झालेलं आहे आणि चिठ्ठ्याही बरोबर आहेत. पण रात्री आठला ड्युटी बदलते, दिवे मंद असतात, आणि खाटेशी प्रश्न विचारला जातो, “जाधव ना तुम्ही?” गुंगीतल्या बाई “हो” म्हणतात. खोटं कोणीच बोललेलं नाही. ८ वाजून १० मिनिटांनी ओ गटाच्या बाईंना ए गटाची पिशवी लागते.

ओ गटाच्या माणसाच्या रक्तात ए आणि बी या दोन्ही प्रतिजनांविरुद्ध अँटिबॉडी जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतच तयार होऊ लागतात. पूर्वी कधी रक्त घेतलेलं असण्याची गरज नसते. आतड्यातल्या जंतूंच्या अंगावरही ए आणि बीसारखीच साखर असते आणि शरीर तिच्यावरूनच शिकतं. लँडस्टायनरने १९०१ साली रक्तगट मांडले ते याच अँटिबॉडींमुळे दिसणाऱ्या गुठळ्यांवरून. त्यांतल्या बऱ्याचशा आयजीएम जातीच्या असतात. हा रेणू मोठा, पाच भागांचा असतो आणि एकटाच लाल पेशीवर बसला तरी ‘कॉम्प्लिमेंट’ नावाच्या प्रथिनांची साखळी सुरू करू शकतो. ही प्रथिनं रक्तात आधीच फिरत असतात, त्यांना तयार व्हावं लागत नाही. एकाने दुसऱ्याला जागं करायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि शेवटच्या काही प्रथिनांनी मिळून पेशीच्या पडद्याला भोक पाडायचं. भोकातून पाणी आत शिरतं आणि पेशी रक्तवाहिनीतच फुटते. सगळं साहित्य जागेवर असल्यामुळे हे काही मिनिटांत होतं. ‘अक्यूट हिमोलिटिक’ प्रतिक्रियेचा वेग या तयारीचा आहे.

८ वाजून २२ मिनिटांनी बाई म्हणतात, “सिस्टर, फार थंडी वाजतेय. कंबरेत पण काहीतरी होतंय.” ज्या हातात सुई आहे त्या हातात शिरेबरोबर जळजळ होते. छाती भरून येते. काही रुग्ण नेमकं काहीच सांगू शकत नाहीत, फक्त “मला काहीतरी होतंय” एवढंच म्हणतात. अनुभवी सिस्टर या वाक्याला कधीही घाबरटपणा समजत नाही. नाडी वाढलेली, रक्तदाब घसरलेला, अंगात ताप. बारा मिनिटांत, मिनिटाला सुमारे दोन मिली या हळू वेगाने, जेमतेम पंचवीस मिली रक्त गेलेलं आहे.

पंचवीस मिली म्हणजे पाच चमचे. एवढ्याने काय होणार, असं वाटेल, म्हणून हिशोब करून पाहू. पॅक्ड सेलमध्ये दर १०० मिलीला साधारण २० ग्रॅम हिमोग्लोबिन असतं, म्हणजे पंचवीस मिलीत ५ ग्रॅम. या बाईंच्या अंगात प्लाझ्मा सुमारे अडीच लिटर. त्या सगळ्या पेशी फुटल्या तर प्लाझ्माच्या दर १०० मिलीत सुमारे २०० मिलिग्रॅम हिमोग्लोबिन मोकळं होईल. रक्तात हॅप्टोग्लोबिन नावाचं प्रथिन अशा मोकळ्या हिमोग्लोबिनला पकडून यकृत-प्लीहेकडे पाठवतं, पण त्याची झेप १०० मिलीमागे साधारण १०० ते १५० मिलिग्रॅमपर्यंतच. म्हणजे पाच चमचे रक्त ही सोय संपवायला पुरतं. त्यापुढचं हिमोग्लोबिन मूत्रपिंडातून गाळलं जातं आणि लघवी तांबडी, मग कोकमाच्या सरबतासारखी गडद होते. आणि प्लाझ्मा तर त्याच्या कितीतरी आधी, ५० मिलिग्रॅमच्या आसपासच, डोळ्यांना गुलाबी दिसू लागतो.

रंग बदलणं ही यातली सौम्य गोष्ट. कॉम्प्लिमेंटच्या साखळीतून सुटलेले तुकडे रक्तवाहिन्या सैल करतात, त्यातून रक्तदाब कोसळतो. मोकळं हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड शोषून घेतं आणि मूत्रपिंडातल्या बारीक वाहिन्या आवळल्या जातात. फुटलेल्या पेशींमुळे आणि चेतलेल्या पांढऱ्या पेशींमुळे रक्त गोठण्याची यंत्रणा अंगभर एकदमच सुरू होते, गोठवणारे घटक संपतात आणि मग सुईच्या जागेतून, टाक्यांतून, हिरड्यांतून रक्त झिरपू लागतं. शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूल दिलेल्या रुग्णाला थंडी वाजते की कंबर दुखते हे सांगता येत नाही. तिथे कारण न कळणारा रक्तदाबाचा उतार, लघवीच्या पिशवीत आलेली लाली आणि जखमेतून न थांबणारं झिरपणं, एवढ्याच खुणा मिळतात. किती रक्त गेलं यावर तीव्रता अवलंबून असते, म्हणून नळी लवकर बंद करणं हाच इथला सर्वांत मोठा उपचार. पहिली पंधरा मिनिटं रक्त हळू सोडायचं आणि माणसाने खाटेजवळ राहायचं, हा नियम याच हिशोबातून आला आहे.

नळी बंद केल्यावर सुई मात्र काढायची नसते. रक्तदाब पडत असताना दुसरी शीर शोधणं कठीण जातं. रक्ताचा सेट काढून नवीन सेटने नॉर्मल सलाइन सुरू करायचं आणि पिशवीवरचं नाव, नोंदणी क्रमांक आणि गट रुग्णाच्या मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहायचे. इथेच या बाईंची चूक उघडी पडते आणि त्याच क्षणी दुसरी गोष्ट करायची असते, जी घाईत राहून जाते. या बाईंना दुसऱ्या जाधवांची पिशवी लागली असेल, तर दुसऱ्या जाधवांना यांची लागलेली असू शकते. धावत त्या खाटेकडे जायचं. योगायोगाने त्या ए गटाच्या आणि पिशवी ओ पॅक्ड सेलची, त्यामुळे त्या कदाचित वाचतील. गट उलटे असते तर त्यांचाही जीव धोक्यात आला असता.

रक्तपेढीत या बाईंचा ताजा नमुना येतो. तो फिरवला की वर प्लाझ्मा येतो. सकाळच्या नमुन्याचा प्लाझ्मा गवती पिवळा, रात्रीचा गुलाबी. दोन नळ्या शेजारी धरल्या की कोणत्याही यंत्राआधी उत्तर मिळतं. नमुना घेताना सुई घासूनही पेशी फुटतात आणि प्लाझ्मा गुलाबी होतो, म्हणून शंका असेल तर दुसरा नमुना मागवतात. मग थेट कूम्ब्स चाचणी. लाल पेशींवर अँटिबॉडी किंवा कॉम्प्लिमेंट चिकटलं आहे का, हे ती दाखवते. गंमत अशी की दात्याच्या सगळ्याच पेशी फुटून गेल्या असतील तर ही चाचणी निगेटिव्हही येऊ शकते, कारण चिकटायला कोणी उरलेलंच नसतं. त्यामुळे गुलाबी प्लाझ्मा आणि निगेटिव्ह कूम्ब्स या जोडीने कोणी निर्धास्त होऊ नये.

इथे मुंबईचा उल्लेख टाळता येत नाही. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तगटाचं वर्णन केलं, जो पुढे जगभर ‘बॉम्बे’ गट म्हणून ओळखला गेला. या माणसांच्या लाल पेशींवर ए नसतं, बी नसतं, आणि ओ गटात जे मुबलक असतं ते एच प्रतिजनही नसतं. साध्या तपासणीत ते ओ वाटतात. पण त्यांच्या रक्तात एचविरुद्ध जोरकस अँटिबॉडी असते, म्हणून ‘सगळ्यांना चालणारं’ ओ रक्तही त्यांच्या अंगात वरच्याच वेगाने फुटतं. क्रॉसमॅचमध्ये हे पकडलं जातं. क्रॉसमॅच न करता ‘ओ आहे, लावा’ म्हटलं तर पकडलं जात नाही.

आता चिठ्ठी बरोबर वाचली गेली असं धरू. त्याच बाई, ओ गटाचीच पिशवी, ८.१० ला सुरू. पहिला तास शांत. रात्री साडेदहाच्या सुमारास, पिशवी संपत आली असताना, हुडहुडी भरते आणि ताप ३८.६ होतो. रक्तदाब ठीक, लघवी पिवळी, कंबर दुखत नाही. बाई म्हणतात, “गोधडी द्या.” हा बहुधा ‘फेब्राइल नॉन-हिमोलिटिक’ प्रकार. रक्त चालू असताना किंवा संपल्यापासून चार तासांत ताप ३८ अंशांवर, म्हणजे १००.४ फॅरनहाइटवर, जातो आणि आधीच्या तापमानापेक्षा निदान एका अंशाने वाढलेला असतो, अशी त्याची व्याख्या. थंडी वाजूनही ताप न चढणं हेही याच प्रकारात येतं.

ताप उशिरा का आला? इथेही अँटिबॉडी रुग्णाचीच आहे, पण तिचं लक्ष्य लाल पेशी नसून पिशवीतल्या पांढऱ्या पेशी आहेत. या बाईंची तीन बाळंतपणं झाली आहेत. प्रत्येक गरोदरपणात बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात येतात. त्यांच्यावर वडिलांकडून आलेले एचएलए प्रतिजन असतात आणि आईचं शरीर त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवू शकतं. थॅलेसेमियाच्या मुलांमध्ये हीच अँटिबॉडी वारंवार घेतलेल्या रक्तामुळे तयार होते. ती पिशवीतल्या पांढऱ्या पेशींवर बसते, पण त्यांना फोडून काही साधत नाही. त्या गाठीतून चेतलेल्या पेशी इंटरल्यूकिन आणि टीएनएफ ही रसायनं बनवतात, ती मेंदूतल्या तापमान-केंद्रापर्यंत जातात, तिथे प्रोस्टाग्लँडिन तयार होतं आणि मग अंग तापतं. बनवायला वेळ, पोहोचायला वेळ, आणि पुरेशा पांढऱ्या पेशी अंगात जायलाही वेळ. म्हणून हा ताप बहुतेकदा पिशवीच्या उत्तरार्धात येतो.

याची दुसरी वाट अँटिबॉडीशिवायची आहे. प्लेटलेटच्या पिशव्या फ्रिजमध्ये नाही, तर २० ते २४ अंशांवर सतत हलवत ठेवतात आणि साधारण पाच दिवस वापरतात. तेवढ्या उबेत पिशवीतल्या पांढऱ्या पेशी तीच तापाची रसायनं पिशवीतच बनवून ठेवतात. मग रुग्णाच्या शरीराला काही बनवावंच लागत नाही, तयार माल नळीतून येतो. यावरून एक व्यवहारी गोष्ट निघते. पांढऱ्या पेशी गाळण्याची गाळणी साठवणीच्या आधी रक्तपेढीत लावली तर दोन्ही वाटा अडतात, पेशींची संख्या पन्नास लाखांच्या खाली येते. तीच गाळणी खाटेशी लावली तर पेशी अडतात, पण पाच दिवसांत साठलेली रसायनं आरपार जातात. रुग्णाच्या नातेवाइकांकडून खाटेशी लावायची महागडी गाळणी आणवून घेतली जाते तेव्हा हा फरक त्यांना कोणी सांगत नाही.

या प्रकाराने कोणी दगावत नाही. पॅरासिटामॉल दिलं की ताप उतरतो. मग त्याची एवढी दखल का घ्यायची? कारण तापाची शेवटची पायरी सगळीकडे सारखीच आहे. चुकीच्या गटाच्या रक्तातही कॉम्प्लिमेंट शेवटी पेशींकडून हीच इंटरल्यूकिनं सोडवतं. पिशवीत जंतू वाढले असतील तर तेही तेच करतात, आणि प्लेटलेटच्या उबदार पिशवीत ते वाढायला वाव असतो. थर्मामीटर ही शेवटची पायरी मोजतो, पहिली नाही. त्यामुळे साडेदहाला आलेला ताप ‘साधा’ म्हणायचा तो बाकीचं वगळल्यानंतरच. नळी बंद करून, नाव ताडून, नमुना पाठवून, प्लाझ्मा पिवळाच आहे हे पाहून. आधी शिक्का मारून मग तपास नको. ‘ताप येऊ नये म्हणून’ रक्ताआधीच सगळ्यांना पॅरासिटामॉल देण्याची पद्धतही मला पटत नाही. चाचण्यांमध्ये तिचा फारसा फायदा दिसलेला नाही, आणि धोक्याची पहिली खूण तेवढी पुसट होते.

तिसरा प्रकार यापेक्षा ओळखायला सोपा, कारण त्यात ताप नसतो. रक्त चालू असताना मान, पाठ, पोटावर गांधी उठतात, खाज सुटते. इथे लक्ष्य पेशी नसून दात्याच्या प्लाझ्मातलं एखादं प्रथिन असतं, आणि अँटिबॉडी रुग्णाची, पण आयजीई जातीची. ती रक्तात फारशी मोकळी फिरत नाही. त्वचेतल्या, श्वासनलिकेतल्या, आतड्यातल्या मास्ट पेशींवर आधीच बसून असते. प्रथिन येऊन तिला भिडलं की मास्ट पेशी भरून ठेवलेलं हिस्टमिन लगेच सोडते. म्हणून हीही मिनिटांची गोष्ट, पण ती पिशवीच्या सुरुवातीलाच यायला हवी असं नाही. थोडंसं संवेदनशील शरीर पुरेसा प्लाझ्मा गेल्यावर, दीड-दोन तासांनीही गांधी दाखवतं. फार संवेदनशील शरीर पहिल्या काही मिलीतच कोसळतं. गळा आवळतो, शिट्टीसारखा श्वास, रक्तदाब खाली. तेव्हा मांडीच्या स्नायूत ॲड्रिनलिन, मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, लगेच. अँटिहिस्टमिन आणि स्टिरॉइड नंतर. अशा तीव्र प्रकाराचं एक ओळखलेलं कारण म्हणजे ज्यांच्या रक्तात आयजीए जवळजवळ नसतंच आणि आयजीएविरुद्ध अँटिबॉडी असते, अशी थोडी माणसं. त्यांना धुतलेल्या लाल पेशी देतात, म्हणजे सलाइनने प्लाझ्मा धुऊन काढलेल्या.

तापाच्या आणि ॲलर्जीच्या प्रतिक्रिया वॉर्डात एकाच श्वासात घेतल्या जातात, पण पांढऱ्या पेशी गाळल्याने ताप कमी होतो, गांधी कमी होत नाहीत. गाळणीतून प्रथिन सहज जातं. आणि फक्त गांधीच असतील, ताप नाही, श्वासाला त्रास नाही, रक्तदाब नीट, तर थांबून अँटिहिस्टमिन देऊन तीच पिशवी हळू पुन्हा सुरू करता येते. चारपैकी फक्त याच प्रकाराला ही सवलत आहे. कारण नुसत्या गांधी हा चुकीच्या गटाचा किंवा जंतूंचा मुखवटा नसतो. ताप असतो.

चौथा प्रकार सगळ्यांत उलटा. आतापर्यंत तिन्ही ठिकाणी अँटिबॉडी रुग्णाची होती. इथे ती दात्याची आहे. फुफ्फुसांना इजा करणारी ही प्रतिक्रिया, जिला ‘ट्राली’ म्हणतात, तिला हे नाव पोपोव्स्की आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये दिलं. दात्याच्या प्लाझ्मात एचएलए किंवा न्यूट्रोफिलवरच्या प्रतिजनांविरुद्ध अँटिबॉडी असते आणि ती रुग्णाच्या पांढऱ्या पेशींवर जाऊन बसते.

आता आपल्या तीन बाळंतपणांच्या जाधवबाईंकडे पुन्हा पाहा. त्यांच्या रक्तातल्या ज्या एचएलए अँटिबॉडीने त्या रुग्ण असताना त्यांना ताप आणला, तीच अँटिबॉडी, त्या बऱ्या होऊन पुढे रक्तदान करतील तेव्हा, दुसऱ्याचं फुफ्फुस बिघडवू शकते. तिथे थोड्याशा परक्या पेशी तिच्या तावडीत सापडल्या होत्या. इथे एका माणसाच्या अंगातल्या सगळ्या न्यूट्रोफिलांवर ती सोडली जाते. त्यातून निघालेला निर्णयही सरळ होता. ब्रिटनमध्ये २००३ पासून रुग्णांना द्यायचा प्लाझ्मा शक्यतो पुरुष दात्यांकडूनच घ्यायचं ठरलं, आणि ट्रालीच्या नोंदी तिथे ठळकपणे कमी झाल्या. बायकांनी रक्तदान करू नये असा त्याचा अर्थ नाही. त्यांच्या लाल पेशी वापरायच्या, प्लाझ्मा औषधनिर्मितीकडे पाठवायचा, एवढाच.

ट्रालीचं घड्याळ सहा तासांचं आहे, आणि बहुतेक रुग्णांना त्रास पहिल्या दोन तासांतच होतो. शिरेतून दिलेलं काहीही हृदयातून जाऊन पहिल्यांदा फुफ्फुसांच्या केशवाहिन्यांत पोहोचतं. त्या इतक्या अरुंद असतात की न्यूट्रोफिलला अंग चोरूनच त्यातून जावं लागतं. रुग्णाला आधीच जंतुसंसर्ग असेल, मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, तर या पेशी आधीच अर्ध्या चेतलेल्या, फुफ्फुसाच्या भिंतीला चिकटून बसलेल्या असतात. त्यांच्यावर दात्याची अँटिबॉडी आली की त्या तिथल्या तिथे आपली दाहक रसायनं सोडतात, वाहिन्यांची भिंत झिरपू लागते आणि प्रथिनांनी भरलेलं पाणी वायुकोशांत शिरतं. म्हणून हा त्रास वॉर्डातल्या धडधाकट माणसापेक्षा अतिदक्षता विभागातल्या, प्लाझ्माच्या पिशव्या घेणाऱ्या रुग्णाला जास्त. ऑक्सिजन एकाएकी नव्वदच्या खाली, श्वासाची धाप, अनेकदा ताप, रक्तदाब कमी, श्वासाच्या नळीतून गुलाबी फेस, आणि एक्स-रेत दोन्ही बाजू पांढऱ्या. नेमक्या त्या वेळी रक्ताची तपासणी केली तर पांढऱ्या पेशी काही काळ अचानक कमी दिसतात, कारण त्या फुफ्फुसात अडकलेल्या असतात.

ट्रालीचा जुळा दिसणारा प्रकार म्हणजे जास्त द्रव वेगाने गेल्याने हृदयावर पडलेला भार. म्हाताऱ्या, अशक्त हृदयाच्या माणसात तो ट्रालीपेक्षा कितीतरी जास्त आढळतो. एक्स-रे दोन्हींचा सारखाच. पण तिथे रक्तदाब वाढलेला असतो, मानेच्या शिरा फुगलेल्या असतात, आणि लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड दिलं की माणूस मोकळा श्वास घेतो. ट्रालीत पाणी वाहिन्यांतून बाहेर झिरपलेलं असतं, आतलं कमीच झालेलं असतं. तिथे फ्युरोसेमाइडने रक्तदाब आणखी पडतो. ऑक्सिजन आणि गरज लागली तर व्हेंटिलेटर, एवढाच आधार. तो मिळाला तर बहुतेक फुफ्फुसं दोन-चार दिवसांत सावरतात. सगळी मात्र नाहीत.

ट्रालीत रक्तपेढीला कळवण्याची घाई आणखी एका कारणासाठी करायची. एका दात्याच्या रक्तातून दोन-तीन पिशव्या होतात आणि त्या वेगवेगळ्या खाटांकडे जातात. या रुग्णाला बाधलेली अँटिबॉडी त्याच दात्याच्या प्लेटलेटमध्येही आहे, आणि ती पिशवी कदाचित अजून फ्रिजबाहेर हलत्या रॅकवर आहे. फोन आला तर ती अडवता येते. भारतात अशा नोंदींसाठी राष्ट्रीय हिमोव्हिजिलन्स कार्यक्रम १० डिसेंबर २०१२ पासून सुरू आहे. त्याचा फॉर्म भरायचा तो रक्तपेढीने, पण तिला वॉर्डातून कळलं तरच.

वेळेवर पूर्ण विसंबायचं नाही, हेही सांगायला हवं. चुकीच्या गटाचं रक्त गेलेल्या काही रुग्णांना तासभर काहीच होत नाही, अँटिबॉडी क्षीण असेल तर. जंतूंचा ताप दहा मिनिटांतही येतो. आणि लाल पेशी फुटण्याचा एक संथ प्रकार तीन ते चौदा दिवसांनी, रुग्ण घरी गेल्यावर, हळूच उतरत्या हिमोग्लोबिनने आणि पिवळ्या डोळ्यांनी दिसतो. तो वेगळ्या अँटिबॉडींचा विषय आहे.

घरातल्या कोणाला रक्त लावणार असतील, तर दोन गोष्टी करा. सिस्टर “पूर्ण नाव सांगा” म्हणाल्या तर पूर्ण नावच सांगा, आणि त्या नुसतं “जाधव ना?” म्हणाल्या तरीही पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक सांगा. “आधी कधी रक्त लावताना त्रास झाला होता का?” या प्रश्नाला “नाही” म्हणण्याआधी जुना डिस्चार्जचा कागद काढून बघा. त्यावर ‘रक्त देताना थंडी वाजली’ किंवा ‘अंगावर गांधी’ एवढंच लिहिलेलं असेल, तरी ते डॉक्टरांना दाखवा आणि किती वेळाने झालं ते आठवत असेल तर तेही सांगा.